नापास नग आणि दराचे टप्पे: नगावरच्या मजुरीची फेरमोजणी

नायगावच्या बीडीडी चाळींत राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या घरी महिन्याचा पगार दोन प्रकारांनी येत असे. काही खात्यांत हजेरीवर पगार होता आणि साचेखात्यात कामावर. साचेवाल्याने किती कापड विणले यावर त्याची मजुरी ठरे, आणि त्यातले किती कापड घडी खात्यात तपासणीला उतरले यावर हातात पडणारी रक्कम. नायगावची स्प्रिंग मिल बंद होऊन तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या, पण हिशोबाचा हा प्रश्न गिरण्यांबरोबर संपला नाही. तो यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला, विडीच्या सुपात गेला आणि तयार कपड्यांच्या शिलाई कारखान्यांत गेला. तिथे त्याला आणखी एक जोड मिळाली. ठरावीक संख्येपुढे दर वाढवणारे टप्पे, म्हणजेच कारखान्यात ज्यांना स्लॅब म्हणतात ते, आले. केलेले नग, नापास झालेले नग आणि दराचे टप्पे या तीन गोष्टी हातात असल्या की मजुरी पुन्हा मोजता आली पाहिजे, असे वाटते. प्रत्यक्षात त्याच तीन आकड्यांवरून दोन प्रामाणिक माणसे वेगवेगळ्या रकमांवर पोचतात. असे का होते, यावर आजवर कोणत्या भूमिका घेतल्या गेल्या आणि काय अजून अनिर्णित आहे, याचा हा आढावा आहे.

या वादाकडे पाहताना एक गोष्ट मला मध्यवर्ती वाटते. नापास नग एकच असला तरी तो एकाच वेळी तीन प्रश्न उभे करतो. तो केलेल्या कामात मोजायचा की नाही, हा पहिला. त्याची मजुरी द्यायची की नाही, हा दुसरा. आणि त्यात वाया गेलेल्या मालाचा तोटा कोणी सोसायचा, हा तिसरा. पगाराच्या पावतीवर हे तिन्ही प्रश्न बहुतेक वेळा ‘कपात’ या एका आकड्यात गोळा झालेले असतात. फेरमोजणी म्हणजे तो आकडा पुन्हा सोडवून तीन उत्तरे वेगळी करणे. गेल्या शंभर वर्षांतला वाद या तीन प्रश्नांमधूनच एकेक करून पुढे सरकलेला दिसतो.

साचेखात्यातली सुरुवात

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत विणकराची मजुरी मुख्यतः कापडाच्या वजनावर, पौंडामागे ठरे, आणि दर गिरणीगणिक वेगळा असे. जाडेभरडे कापड विणले जात होते तोवर या मापाबद्दल फारशी तक्रार नव्हती. गिरण्या बारीक सुताच्या कापडाकडे वळू लागल्या तेव्हा माप स्वतःच वादाचा विषय झाले. बारीक सुताचे कापड विणायला वेळ तितकाच किंवा जास्त लागतो, ताणा-बाण्याकडे लक्ष जास्त द्यावे लागते, पण ताका वजनाला हलका भरतो. दर तोच ठेवून एकक चुकीचे निवडले तर मजुरी आपोआप खाली येते, हे त्या वेळी हजारो साचेवाल्यांनी पगाराच्या दिवशी अनुभवले. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर १९२८ या काळात चाललेल्या सार्वत्रिक संपामागे जी कारणे होती, त्यांत विणकरांच्या कमाईतली ही घट ठळक होती. म्हणून फेरमोजणीची पहिली पायरी नग मोजण्याचीसुद्धा नाही. नग म्हणजे काय, हे आधी ठरले पाहिजे: पौंड, वार, मीटर की पीक? आजही इचलकरंजीच्या यंत्रमागावर मजुरीचा करार ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे किती पैसे अशा भाषेत होतो. त्या एका वाक्यात कापडाची लांबी आहे आणि आडव्या धाग्यांची दाटीही. १९२८ च्या अनुभवाला दिलेले ते उत्तर आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी तक्रार खराब कापडाची होती. घडी खात्यात धागे तुटलेले, जाळी पडलेले किंवा डाग लागलेले कापड निघाले की ते विणकराच्याच अंगावर टाकले जाई आणि त्याची किंमत पगारातून कापली जाई. मग विणकराने ते बाजारात मिळेल त्या भावाला विकावे. गिरणीमालकांचा मुद्दा असा होता की निष्काळजी कामाला काही तरी आळा हवा, आणि खराब मालाची खरी किंमत गिरणीला मिळत नाही. कामगारांचा मुद्दा असा होता की सूत कच्चे असेल, हवेत दमटपणा कमी असेल किंवा साचा जुना असेल तरी धागा तुटतो, आणि दोष कोणाचा हे ठरवणारा माणूस गिरणीचाच असतो. संप मिटल्यावर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीसमोर दरांच्या प्रमाणीकरणाबरोबर हा विषयही आला. समितीचा अहवाल १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. साचेखात्यातली ही कमाई सगळ्यांना खुली नव्हती. धोट्यात धागा तोंडाने ओढावा लागतो, हे कारण पुढे करून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकामापासून दूर ठेवले जाई, आणि संपाच्या मागण्या ठरत असताना डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. नगावरच्या दराचा न्याय तपासताना त्या दरापर्यंत पोचण्याची वाट कोणाला मोकळी होती, हेही हिशोबाच्या बाहेर ठेवता येत नाही.

वजावट की न कमावलेली मजुरी

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने पगारातून काय कापता येईल याची बंद यादी केली. दंडाला मर्यादा आली, दंडाची नोंदवही आली, दंड लावण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकण्याची अट आली, आणि जमलेला दंड कामगारांच्या हितासाठीच वापरण्याची सक्ती झाली. मालाच्या नुकसानीबद्दलची कपातही मर्यादित झाली. जो माल कामगाराच्या ताब्यात सांभाळण्यासाठी स्पष्टपणे सोपवला आहे, आणि ज्याचे नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे झाले आहे, त्याच्यापुरतीच ती लागू होते, आणि नुकसानीपेक्षा एक पैसाही जास्त कापता येत नाही. इंग्लंडच्या १८९६ च्या ट्रक कायद्यात खराब कामाबद्दलच्या कपातीचे स्वतंत्र कलम होते. आपल्या कायद्यात तसे कलम घेतले गेले नाही. ‘तुझे काम वाईट झाले’ एवढ्या कारणावरून केलेल्या कपातीला इथे सरळ घर नाही. ती एक तर मंजूर यादीतल्या चुकीबद्दलचा दंड म्हणून मर्यादेत बसली पाहिजे, नाही तर सोपवलेल्या मालाचे नुकसान म्हणून सिद्ध झाली पाहिजे.

यातूनच आजच्या वादाची मुख्य फट निघाली. मालकांच्या बाजूचा युक्तिवाद असा, आणि तो पोकळ नाही: कायद्याने वेतनाची व्याख्या करताना नोकरीच्या अटी पूर्ण झाल्यास देय होणारा मोबदला असे म्हटले आहे. दर चांगल्या नगाचा ठरला आहे. नापास नगाची मजुरी मुळात देयच झाली नाही, मग ती कापली असे कसे म्हणायचे? कामगार संघटनांचे उत्तर असे: श्रम तर झाले, कापड मालकाचे, मशीन मालकाचे, नमुना मालकाचा, दोष यांपैकी कशातही असेल तर अट कामगाराने मोडलेली नाही. दोन्ही बाजू ज्या एका शब्दापाशी येऊन थांबतात तो म्हणजे ‘अटी’. दर ठरवताना नापास नगाची व्याख्या लिहिलेली असेल तर वाद छोटा राहतो. लिहिलेली नसेल तर तपासनीसाचा शेरा हीच अट होऊन बसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता २०१९ मध्ये १९३६ चा कायदा सामावला आहे. व्याख्येतले हे शब्द आणि नुकसानीच्या कपातीची चौकट तिथेही कायम आहे, त्यामुळे ही फट जुन्या कायद्याबरोबर गेलेली नाही.

विडीतली छाट

या प्रश्नाचा सर्वांत खोल शोध महाराष्ट्रात गिरण्यांपेक्षा विडी उद्योगात घेतला गेला. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. कारखानदार किंवा ठेकेदार विड्या तपासताना वाकड्या, सैल, कमी भरलेल्या विड्या बाजूला काढतो, त्यांना छाट म्हणतात. छाट किती काढायची हे त्याच्या हातात, आणि काढलेल्या विड्या बहुधा त्याच्याकडेच राहत. अशा वेळी दर हजारी कितीही वाढवून दिला तरी छाट वाढवून तो पुन्हा खाली आणता येतो. हे ओळखून १९५८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने विदर्भातल्या विडी कामगारांचे किमान वेतन जाहीर करताना त्याच अधिसूचनेत छाटीबद्दलची कलमेही घातली. गोंदियाच्या विडी, विडीपत्ता व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाने त्यांना आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कलमे रद्द केली. किमान वेतन कायद्याने सरकारला दर ठरवण्याचा अधिकार दिला आहे, छाटीवरून होणारे तंटे सोडवण्याचा नाही, असे निकालाचे सार होते.

या निकालाकडे पुष्कळदा कामगारांचा पराभव म्हणून पाहिले जाते. मला त्यात एक उपयोगी स्पष्टता दिसते. दर आणि नापासाचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली ठरवली म्हणजे दुसरी ठरत नाही, हे त्यातून पहिल्यांदा ठळक झाले. पुढे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात या दुसऱ्या गोष्टीला स्वतंत्र जागा मिळाली. कच्चा माल किती दिला, विड्या किती नाकारल्या आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी द्यायची की नाही, हे तिन्ही तंटे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे थोडक्यात निकाली काढायची तरतूद झाली. राज्यांनी केलेल्या नियमांत छाट ठरावीक टक्क्यांपर्यंतच अशी मर्यादा आली, आणि मंगलोरच्या एका विडी कारखान्याने केलेल्या दाव्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा आणि त्याखालचे छाटीचे नियम उचलून धरले. कच्चा माल या यादीत आला ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पानेच किडकी दिली तर हजार विड्या भरत नाहीत, आणि भरल्या तरी छाटीत जातात. नापासाचा हिशोब मालाच्या नोंदीपासून सुरू होतो, हे इथे कायद्याने मान्य केले. गिरणी, यंत्रमाग किंवा शिलाई यांना असा स्वतंत्र कायदा आजही नाही.

टप्पे आले आणि हिशोब बदलला

टप्प्यांच्या दराचा उगम कारखानदारीच्या इतिहासात सापडतो. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १८९५ च्या निबंधात दोन दरांची पद्धत मांडली. त्याच्या उदाहरणात दिवसाला १० नग पुरे करणाऱ्याला नगामागे ३५ सेंट मिळत, आणि तेवढे न करणाऱ्याला २५. म्हणजे १० नगांचे साडेतीन डॉलर, पण ९ नगांचे सव्वादोनच. एका नगाच्या फरकाने सव्वा डॉलर जातो, कारण वाढीव दर त्या दहाव्या नगाला नाही, सगळ्या दहा नगांना लागतो. आजच्या कारखान्यांत टप्पे दोन प्रकारांनी लावलेले दिसतात. एका प्रकारात प्रत्येक टप्प्यातल्या नगांना त्या टप्प्याचाच दर मिळतो, आयकराच्या टप्प्यांसारखा. दुसऱ्यात शेवटी गाठलेल्या टप्प्याचा दर सगळ्याच नगांना मिळतो, टेलरसारखा. दरपत्रकावर मात्र पुष्कळदा नुसते ‘४०० पर्यंत ७, ५२० पर्यंत ८, पुढे ९’ एवढेच लिहिलेले असते, आणि दोन्ही वाचने त्यात बसतात.

आता हाच दर धरून एक आठवडा पूर्ण सोडवून पाहू. हे उदाहरण कल्पित आहे, पण आकडे शिलाईच्या कामाला जुळतील असे घेतले आहेत. एका शिलाई कामगार बाईंनी आठवड्यात ५६० नग शिवले, तपासनीसाने ५० नापास केले, ५१० पास झाले. आयकरासारख्या पद्धतीने पास नगांवर हिशोब केला तर पहिल्या ४०० चे २,८०० आणि पुढच्या ११० चे ८८० मिळून ३,६८० रुपये होतात. पण कोणी आधी ५६० वर हिशोब करून मग ५० नगांची मजुरी वजा केली तर? ५६० चे २,८००, ९६० आणि ३६० मिळून ४,१२० होतात. त्यातून ५० नग कोणत्या दराने वजा करायचे? वरच्या टप्प्यापासून खाली वजा केले तर ४४० जातात आणि उत्तर पुन्हा ३,६८० येते. सरासरी दराने केले तर ३,७५२, सगळ्यात खालच्या दराने केले तर ३,७७०. तीन हिशोबनिसांनी तीन रकमा काढल्या आणि तिघांनीही आकडेमोड बरोबर केली. फरक ९० रुपयांपर्यंतचाच आहे, तरी वर्षाच्या आठवड्यांनी गुणला की दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

टेलरच्या पद्धतीत फरक या मापाचा राहतच नाही. सगळे ५६० पास झाले असते तर ९ च्या दराने ५,०४० रुपये मिळाले असते. ५० नापास झाल्यावर पास नग ५१०, म्हणजे टप्पा ८ चा, रक्कम ४,०८०. पन्नास नगांनी ९६० रुपये नेले. त्या नगांची स्वतःची मजुरी जास्तीत जास्त ९ च्या दराने ४५० होते. उरलेले ५१० रुपये कुठून गेले, ते पाहिले तर उत्तर अगदी नेमके सापडते: तपासणीत पास झालेल्या ५१० चांगल्या नगांमधून प्रत्येकी एक रुपया. मला हा या सबंध विषयाचा गाभा वाटतो. नापास नगाची मजुरी न देणे ही एक गोष्ट झाली. नापास नगामुळे चांगल्या नगाचा दर उतरणे ही निराळी गोष्ट आहे, आणि पावतीवर ती कुठेच दिसत नाही, कारण तिथे ‘५१० नग, दर ८, रक्कम ४,०८०’ असे निर्दोष गणित छापलेले असते. पावती तपासून ही बाब कळत नाही. ती कळते एकूण नगांचा आकडा पावतीशेजारी ठेवला तरच.

आता प्रश्न दोषाचा. समजा त्या ५० पैकी १८ नगांत कापडालाच दोष होता, १२ नग अल्टरला परत येऊन दुरुस्त झाले आणि पास झाले, आणि २० खरोखर शिलाईच्या चुकीने गेले. मजुरीला पात्र नग मग ५४० होतात. आयकरासारख्या पद्धतीने ३,९४० रुपये, म्हणजे आधीच्या ३,६८० पेक्षा २६० जास्त. टेलरच्या पद्धतीने ५४० नगांना ९ चा दर, म्हणजे ४,८६०, आधीच्या ४,०८० पेक्षा ७८० जास्त. आणि इथे एक गोष्ट आपोआप जागेवर येते. सगळे पास असतानाच्या ५,०४० मधून आता नेमके १८० कमी झाले, म्हणजे शिलाईच्या चुकीचे २० नग गुणिले ९. चूक ज्या नगांत आहे त्याच नगांची मजुरी गेली, चांगल्या नगांना धक्का लागला नाही. कारणाप्रमाणे नापास वेगळे केले आणि टप्पा त्यानंतर लावला, तर या आठवड्यापुरते दोन्ही बाजूंचे बहुतेक म्हणणे एकाच हिशोबात बसते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आधी कारण, मग टप्पा या क्रमावर पहिला आक्षेप असा की वरचा दर हा मुळात बक्षीस आहे. भरपूर काम आणि निर्दोष काम दोन्ही जमले तर मिळणारे. बक्षीस हुकले म्हणून मजुरी कापली असे होत नाही. हा आक्षेप मानण्यासारखा आहे, फक्त तो पूर्ण मानायला हवा. वरचा टप्पा बक्षीस असेल तर पावतीवर मूळ दराने मजुरी आणि त्याखाली बक्षिसाची वेगळी ओळ असली पाहिजे, आणि बक्षिसाची अट आठवडा सुरू होण्यापूर्वी लिहिलेली असली पाहिजे. तसे केले की ५१० नगांचा एकेक रुपया कुठे गेला हे कामगारालाही दिसते आणि त्यावर बोलताही येते. नुसता ‘दर ८’ लिहून ते होत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: प्रत्येक नापास नगाचे कारण लिहीत बसलो तर लाइन थांबेल. पण चेकर आजही दोषाच्या जागी स्टिकर लावतो, नाही तर अल्टर कुठे करायचा हे कारागिराला कळणारच नाही. कारणाची नोंद होतेच. ती मजुरीच्या वहीपर्यंत पोचत नाही, एवढीच उणीव आहे. खरी अडचण दुसरी आहे, आणि ती कामगारांच्या बाजूनेही मान्य करावी लागते. कापडाचा दोष शिवण्याआधी दिसत होता का? दिसत असूनही नग शिवला असेल तर जबाबदारी कोणाची? नगावर मजुरी मिळणारा माणूस थांबून दोष दाखवायला गेला तर त्याचीच मिनिटे जातात. म्हणून जिथे दोष दाखवलेला नगही मोजणीत धरला जातो तिथेच कारागीर दोष दाखवतील, एरवी झाकतील. मालकाला हव्या असलेल्या गुणवत्तेचाच हा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप कामगार संघटनांकडून येतो. दोषाची वाटणी शेवटी चेकरच करणार, आणि चेकर कारखान्याचा. याला जुने उत्तर आहे. इंग्लंडच्या कोळसा खाणींत वजनावर मजुरी मिळे, म्हणून १८६० च्या कायद्याने खाणकामगारांना वजनकाट्यापाशी आपला स्वतःचा माणूस उभा करण्याचा हक्क दिला. तिथल्याच कापड उद्योगाला १८९१ च्या कायद्याने कामाचा तपशील आणि दर कामगाराला लेखी देण्याची सक्ती केली. एका उपायाने मोजणी तपासता आली, दुसऱ्याने दर. आपल्याकडे विडीसाठी तंट्याचा अधिकारी आला, पण मोजणीच्या क्षणी कामगाराचा माणूस हजर असण्याची रीत बहुतेक उद्योगांत रुजली नाही. तंट्याची तरतूद महिन्यानंतर उपयोगी पडते. तोवर नापास नग गठ्ठ्यात बांधून गेलेले असतात आणि पाहायला काही उरत नाही.

अजून न सुटलेले

फेरमोजणीत सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो, आणि त्यावर आजवर फारसा विचार झालेला नाही. या आठवड्यात शिवलेले नग पुढच्या आठवड्यात तपासले गेले तर नापास कोणत्या आठवड्यात धरायचे? वरचेच उदाहरण पुढे नेऊ. कारणांची वाटणी क्षणभर बाजूला ठेवू आणि पुढच्या आठवड्यात ४३० नग झाले, सगळे पास, असे समजू. ५० नापास ज्या आठवड्यातले त्याच आठवड्यात धरले तर टेलरच्या पद्धतीने ४,०८० आणि ३,४४० मिळून ७,५२० होतात. तेच ५० पुढच्या आठवड्यात वजा केले तर पहिल्यात ५,०४०, दुसऱ्यात उरलेल्या ३८० नगांना ७ च्या दराने २,६६०, एकूण ७,७००. इथे चुकीचा फायदा कामगाराला झाला. आकडे बदलले की तो मालकाला होईल. कोणाच्याही हेतूत खोट नसताना रक्कम बदलते, म्हणून नापासाची नोंद शिवण्याच्या तारखेने आणि बंडल तिकिटाच्या क्रमांकाने बांधली गेली पाहिजे. तपासणीच्या तारखेने केलेली नोंद टप्प्यांच्या हिशोबाला चालत नाही.

दुसरी अनिर्णित बाब किमान वेतनाची आहे. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशोबाने किमान वेतनापेक्षा कमी मिळता कामा नये, हे जुन्या कायद्यात होते आणि संहितेतही आहे. पण वेळ कोणती मोजायची? वरच्या १२ अल्टर नगांना प्रत्येकी दहा मिनिटे लागली तर दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत मोजणीला एकही नवा नग मिळाला नाही. दोष कापडाचा असेल तर हे दोन तास कामाचे धरायला हरकत नसावी. दोष शिलाईचा असेल तरी ती व्यक्ती त्या वेळात मालकाच्याच कामावर होती. किमान वेतनाशी तुलना करताना हा वेळ धरला तर ताशी मजुरी खाली उतरते आणि फरक देय होतो, वगळला तर होत नाही. माझ्या मते तो धरायला हवा, कारण किमान वेतन हे हजर राहून केलेल्या कामाचे असते, पास झालेल्या मालाचे नसते. मात्र हजेरीच्या वहीत अल्टरचा वेळ वेगळा लिहिण्याची पद्धत नसल्याने हा मुद्दा पुराव्यापर्यंतच पोचत नाही.

तिसरी बाब लाइनची. एक शर्ट तीस-चाळीस हातांतून जातो. कॉलर वाकडी बसली तर कॉलर लावणारा, कटिंग करणारा की प्रेस करणारा? सामूहिक टप्पा लावला तर एकाच्या चुकीने सगळ्यांचा दर उतरतो, वैयक्तिक लावला तर दोष मागच्या हातावर ढकलला जातो. बारकोड लावलेल्या बंडल तिकिटांनी नग कोणत्या मशीनवरून गेला हे कळते, पण दोष कोणत्या मशीनवर जन्मला हे त्यातून कळत नाही.

मागणी दाखल करायला संहितेने आता तीन वर्षांची मुदत दिली आहे, आणि मजुरी कमी दिल्याची तक्रार आली तर ती पूर्ण दिली हे दाखवण्याचा भार मालकावर ठेवला आहे. पण तीन वर्षे मागे जाऊन फेरमोजणी करायची तर नुसते पास नग आणि रक्कम पुरत नाहीत. त्या काळचे दरपत्रक, टप्पे कोणत्या पद्धतीने लावायचे याचा लेखी खुलासा, आठवड्याचे एकूण नग, आणि शिवल्याच्या तारखेने व कारणाप्रमाणे लिहिलेले नापास, एवढे चार कागद लागतात. यातला शेवटचा कागद बहुतेक ठिकाणी मजुरी चुकती झाली की फेकून दिला जातो.